टेबल सोपवताना : दस्तांत पुन्हा पुन्हा सापडणाऱ्या चुका

पहिल्या तारखेपासून दस्त तपासायचं हे टेबल तुझ्याकडे येतंय. सोलापुरातले वकील आणि दस्तलेखक यांचे मसुदे सह्यांआधी आपल्याकडे वाचायला येतात. त्यांत बहुतेक खरेदीखतं, मग बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं, वाटणीपत्रं आणि अधूनमधून एखादं गहाणखत. आपण वाचायचं, शंका काढायची आणि परत पाठवायचं, एवढंच काम. तुझं शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं आहे, म्हणून हे आधीच सांगते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीने कुणाची जमीन गेल्याचं मी पाहिलेलं नाही. ‘मिळकत’चं ‘मीळकत’ झालं तर फार तर कुणी हसेल. माणसं वर्षानुवर्षं कोर्टात फिरतात ती एका गळलेल्या शून्यामुळे किंवा उलट्या पडलेल्या दिशेमुळे, आणि संगणकाची लाल रेघ त्याखाली कधीच येत नाही. ५४ काय आणि ९० काय, दोन्ही त्याच्या लेखी शुद्धच.

या चुका येतात कुठून ते आधी समजून घे. खरेदीखत कोऱ्या कागदावर कुणीच लिहीत नाही. मागच्या व्यवहाराची फाईल उघडायची, नावं बदलायची, गट नंबर बदलायचा, रक्कम बदलायची आणि नव्या नावाने जतन करायची, ही सगळीकडची रीत आहे आणि त्यात गैर काही नाही. पण जे बदलायचं राहिलं ते जुन्या व्यवहाराचं असतं आणि नव्या दस्तात ते इतकं सहज बसतं की मसुदा नुसता वाचून ते कधीच दिसत नाही. वाक्य सरळ असतं, मजकूर पूर्ण असतो, फक्त तो दुसऱ्याच कुणाचा असतो. म्हणून या टेबलाचा एकच नियम आहे : मसुदा मसुद्यासारखा वाचायचा नाही, तो मूळ कागदासमोर धरायचा. सातबारा, आठ अ, फेरफार, मालमत्ता पत्रक, आधीचा नोंदलेला दस्त, आधार आणि पॅन यांच्या प्रती फाईलला नसतील, तर वाचायलाच बसू नकोस.

दुय्यम निबंधक कार्यालयात चूक पकडली जाईल, ही आशाही ठेवू नकोस. नोंदणी अधिनियम १९०८च्या कलम २१ प्रमाणे मिळकत ओळखता येईल इतकं वर्णन दस्तात लागतं. वर्णन आहे का, मुद्रांक पुरेसा आहे का, लिहून देणारा तोच माणूस आहे का आणि दस्त केल्याचं तो कबूल करतो का, हे तिथे पाहिलं जातं. पण लिहिलेलं वर्णन दोन्ही पक्षांच्या मनात असलेल्या तुकड्याचंच आहे का, हे टेबलामागे बसलेल्या अधिकाऱ्याला कळणार तरी कसं?

आता एक नमुना घेऊ. आकडे मी समजावण्यासाठी बसवले आहेत, पण चुका रोजच्या आहेत. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं एक गाव, गट नंबर २१४. सातबारावर लागवडयोग्य क्षेत्र १.०५.००, पोटखराब ०.०३.००, एकूण १.०८.००, आकार २ रुपये १६ पैसे. मालक गटाचा दक्षिणेकडचा निम्मा भाग विकतो आहे. गुंठ्याला २५ हजार असा भाव ठरला आणि एकूण किंमत १३ लाख ५० हजार.

मसुद्यात मिळकतीचं वर्णन असं आलं : ‘एकूण क्षेत्र १.८ हेक्टर पैकी दक्षिणेकडील निम्मे क्षेत्र ०.९ हेक्टर, अक्षरी नव्वद आर.’ वाक्यात खोट नाही. १.८ चं निम्मं ०.९ हेही बरोबर आणि ०.९ हेक्टर म्हणजे नव्वद आर हेही बरोबर. चूक पहिल्याच आकड्यात आहे. सातबारावरचे १.०८.०० हे तीन कप्पे आहेत : हेक्टर, आर आणि चौरस मीटर. १ हेक्टर ८ आर असा तो वाचायचा. टंकलेखकाने आठाच्या डावीकडचं शून्य निरुपयोगी समजून गाळलं आणि ८ आरचे ८० आर झाले. पुढचा हिशोब त्या चुकीवरून प्रामाणिकपणे केला गेला. अक्षरी रक्कम किंवा क्षेत्र हे आकड्याला साक्षीदार असतं असं आपण मानतो, पण इथे अक्षरं आकड्यावरूनच लिहिली गेली, त्यामुळे साक्षीदारही त्याच घरचा.

हे पकडायचं कसं? क्षेत्राला बाहेरून तपासणारे आकडे त्याच दस्तात असतात. पहिला आकार. निम्मी जमीन गेली तर निम्मा आकार, म्हणजे १ रुपया ८ पैसे. मसुद्यात तेवढाच लिहिला होता. १०८ आरपैकी ९० आर खरंच विकले असते, तर आकार १ रुपया ८० पैसे यायला हवा होता. दुसरा किंमत. १३ लाख ५० हजारांना २५ हजारांनी भाग, उत्तर ५४. ५४ म्हणजे १०८ चं निम्मं. दोन वेगवेगळे आकडे ५४ म्हणताहेत आणि एकटं क्षेत्र ९० म्हणतंय, म्हणजे चूक क्षेत्रात आहे. हे गणित प्रत्येक शेतजमिनीच्या दस्तावर कर, दोन मिनिटं लागतात.

या गणितात आणखी एक खाच आहे. भाव गुंठ्याला ठरला, पण दस्तात आर लिहिले. आपल्याकडे बोलताना गुंठा आणि आर एकच धरतात. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१.१७ चौरस मीटर, तर आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. एका गुंठ्यात फरक नगण्य, पण ५४ गुंठ्यांत तो ६३ चौरस मीटरच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ ६८० चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर ४०.४७ आर भरतो, त्यामुळे ‘चार एकर’ या तोंडच्या बोलीला कुणी १ हेक्टर ६० आर लिहिलं, की सातबारावर १ हेक्टर ६२ आर दिसतात आणि मग उरलेले दोन आर कुणाचे यावर भावकी जमते. मसुद्यात गुंठे आणि आर एकत्र दिसले, की शंकेची चिठ्ठी लाव. ठरलं काय होतं हे पक्षकारच सांगू शकतात, आपण अंदाजाने दुरुस्त करायचं नाही.

पोटखराबही याच जागी गळतो. विकणारा ‘माझं १ हेक्टर ५ आर’ म्हणतो, कारण पिकतं तेवढंच तो मोजतो. मसुद्यात मग एकूण क्षेत्र १.०५.०० येतं आणि निम्मं ०.५२.५०. सातबारावरचं एकूण मात्र १.०८.०० असतं. दीड आर कुणालाच न विकता लोंबकळत राहतो. लागवडयोग्य अधिक पोटखराब बरोबर एकूण, ही बेरीज सातबारावरून स्वतः करून पाहायची.

आता त्याच दस्तातली दुसरी चूक, आणि माझ्या मते ही पहिलीपेक्षा वाईट. चतुःसीमा अशा होत्या : पूर्वेस गट नंबर २१५, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस ओढा, उत्तरेस गट नंबर २०९. आधीच्या खरेदीखताशी ताडून पाहिलं तर शब्द न् शब्द जुळतो. आणि तिथेच फसायला होतं. आधीच्या दस्तात पूर्ण गट विकला गेला होता. आता फक्त दक्षिणेकडचा निम्मा भाग जातोय, तर त्याच्या उत्तरेला गट नंबर २०९ कसा असेल? उत्तरेला असेल तो याच गटाचा, लिहून देणाऱ्याकडे राहिलेला भाग. मसुद्यातल्या चतुःसीमा संपूर्ण गट २१४ भोवती कुंपण घालतात.

याचं गांभीर्य असं की वर्णनात क्षेत्र एक आणि सीमा दुसरं सांगू लागल्या, तर भारतीय न्यायालयं सर्वसाधारणपणे सीमांना जास्त वजन देतात. क्षेत्र मोजण्यात चूक होऊ शकते, पण ओढा आणि गाडीवाट जागच्या जागी असतात, असा त्यामागचा विचार. प्रत्येक खटल्यात तसंच होईल असं नाही, इतर पुरावाही पाहिला जातो. पण निम्मा गट विकणाऱ्याने स्वतःच्या सहीने पूर्ण गटाच्या सीमा लिहून द्याव्यात, हा वाद आयता कशाला निर्माण करायचा? ‘पैकी’ हा शब्द वर्णनात दिसला, की चारपैकी निदान एक सीमा ‘लिहून देणार यांचे उर्वरित क्षेत्र’ अशी असलीच पाहिजे. ती नसेल तर पुढे वाचू नकोस, आधी चिठ्ठी लाव. एका कागदावर चौकोन काढ, वर उत्तर लिही आणि मसुद्यातल्या चार सीमा चारही बाजूंना भर. पूर्व-पश्चिम उलटी झालेली असली तरी ती तेव्हाच कळते. मोजणीच्या नकाशावर उत्तर दाखवणारा बाण असतो, पण हाताने काढलेल्या कच्च्या नकाशांत कुणी रस्ता वर धरतो, कुणी घराचं तोंड.

सीमांचं महत्त्व दाखवणारा एक जुना खटला तुला माहीत असावा. शिवध्यान सिंग विरुद्ध सनिचरा कुंवर. तो बिहारचा, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६३च्या निकालसंग्रहात छापलेला आहे. लिलावाच्या कागदांत जमिनीचा नंबर १०६० ऐवजी १६० पडला होता. एक शून्य गळलं, बस. पण खाते क्रमांक, क्षेत्र आणि सीमा १०६० शीच जुळत होत्या, म्हणून न्यायालयाने नंबरची चूक हा नुसता वर्णनातला दोष मानला आणि जमीन ओळखता येते असं धरलं. आमच्या धंद्यातले लोक या निकालाचा दाखला ‘चूक झाली तरी चालतं’ म्हणून देतात. मी त्याचा अर्थ उलटा लावते. तिथे बाकीचं वर्णन बरोबर होतं म्हणून एका शून्याची चूक निभावली, आणि तरीही ती निभावण्यासाठी सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं.

नमुन्याच्या दस्तातली तिसरी चूक नावात होती. सातबाराच्या कब्जेदार सदरात नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. मसुद्यात ती तीन अक्षरं गळली आणि लिहून देणार ‘सदर मिळकतीचे एकमेव मालक’ झाले. टंकलेखकाला ते नावाला चिकटलेलं काहीतरी जुनं लफडं वाटतं. पण ती अक्षरं सांगतात की नाव एकाचं असलं तरी हक्क कुटुंबाचा असू शकतो, भाऊ, बहिणी, मुलं यांच्यासकट. असंच ‘अ.पा.क.’चं. अज्ञान वारसाचं नाव आणि पालनकर्ती म्हणून आईचं नाव सातबारावर चढतं, मुलगा मोठा होतो, लग्न होतं, तरी सातबारावर तो अज्ञानच राहतो. मसुद्यात आई त्याच्या वतीने सही करताना दिसली, तर आधारवरची जन्मतारीख बघ. तो सज्ञान असेल तर सही त्यानेच केली पाहिजे. तो खरोखर अज्ञान असेल आणि मिळकत त्याची स्वतःची असेल, तर १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे विक्रीआधी न्यायालयाची परवानगी लागते आणि तिचा उल्लेख मसुद्यात हवा. या दोन्ही गोष्टी ठरवणं वकिलांचं काम, पण अक्षरं गळली हे त्यांना सांगणं आपलं.

नावांच्या बाबतीत सोलापूरसारखं गाव दुसरं शोधून सापडायचं नाही. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषांतली नावं एकाच देवनागरीत बसवायची असतात आणि तलाठ्याने, बँकेने, शाळेने, आधार केंद्राने ती आपापल्या कानाप्रमाणे बसवलेली असतात. नरसय्या, नर्सय्या, नरसैय्या. व्यंकटेश, वेंकटेश, व्यंकटेशम. सिद्राम, सिद्धाराम, सिध्दराम. यातलं बरोबर कुठलं हा प्रश्न आपल्या टेबलावरचा नाही. दस्तात एक नाव ओळखपत्राप्रमाणे ठेवायचं, सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर दुसरं असेल तर तेही ‘उर्फ’ लावून जसंच्या तसं लिहायचं आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं वाक्य कलमात आहे का ते पाहायचं. इथे तुझ्या शुद्धलेखनाचा हात आवर. सातबारावर ‘सिध्देश्वर’ असेल तर अवतरणात तेच राहिलं पाहिजे, तू त्याचं ‘सिद्धेश्वर’ केलंस तर जुळणारी गोष्ट तू बिघडवलीस.

विणकरांच्या कुटुंबांत निम्मे वारस भिवंडीत आणि हैदराबादेत असतात. तेलंगणातल्या ओळखपत्रांवर घराण्याचं नाव आधी येतं, कित्येकदा फक्त आद्याक्षर. मसुद्यात मग वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जातं आणि एकाच आईची दोन मुलं दोन आडनावांनी सही करताना दिसतात. हक्कसोडपत्रात हे फार होतं. फाईलला वंशावळ असेल तर वारसांची नावं तिच्याशी एकेक करून लाव. पॅनचीही एक सोपी खूण आहे. दहा अक्षरांतलं चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी, कंपनीसाठी सी, भागीदारी संस्थेसाठी एफ, हिंदू अविभक्त कुटुंबासाठी एच असतं, आणि व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं. भागीदारी संस्था विकत घेतेय आणि पॅनचं चौथं अक्षर पी आहे, तर कुणा भागीदाराचा खासगी पॅन आलाय. पाचव्या अक्षरावर मात्र फार जोर देऊ नकोस. लग्नानंतर आडनाव बदललं तरी पॅन तोच राहतो, त्यामुळे ती शंका असते, चूक असेलच असं नाही.

आकड्यांबद्दल अजून एक, कारण तुझी पिढी शाळेत इंग्रजी आकड्यांवर वाढली. जुने फेरफार आणि हस्तलिखित उतारे देवनागरी आकड्यांत आहेत. घाईने वाचणाऱ्याला देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, देवनागरी चार हा इंग्रजी आठसारखा आणि देवनागरी सात हा इंग्रजी सहासारखा. गट नंबर ४१ चा ८९ झालेला मसुदा आपल्याकडे येऊ शकतो आणि ८९ नंबरचा गटही त्या गावात असतोच. हस्तलिखितावरून उतरलेला प्रत्येक आकडा आजच्या संगणकीय सातबाराशी लावून पाहा. अक्षरी लिहिताना ‘एकोणऐंशी’ आणि ‘एकोणनव्वद’ यांत गल्लत होते, ७९ आणि ८९ यांत दहा लाखांचा फरक पडू शकतो. बँकेच्या आयएफएससी सांकेतांकात पाचवं चिन्ह नेहमी शून्य असतं, तिथे इंग्रजी ओ टंकलेला असतो. आणि भरण्याच्या कलमातली बेरीज : प्रत्येक धनादेशाची रक्कम जोडून एकूण किंमत येते का ते बघ. इसार दिल्याची रक्कम दोनदा धरली जाते किंवा अजिबात धरलीच जात नाही.

गावातल्या मिळकतींचं थोडक्यात सांगते. १९९२च्या हद्दवाढीने आसपासची गावं महापालिकेत आली, त्यामुळे त्या भागात जुना सर्व्हे नंबर, नवा सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर आणि महापालिकेचा घर नंबर असे चार आकडे एकाच मिळकतीला चिकटलेले असतात. चारही लिहायचे, पण प्रत्येकामागे तो कसला नंबर आहे हे असलं पाहिजे. पेठांमधल्या मिळकतींना सिटी सर्व्हे नंबर आणि मालमत्ता पत्रक असतं, तिथे घर नंबरवर विसंबू नकोस, आकारणी बदलली की तो बदलतो. फ्लॅटच्या दस्तात चौरस मीटर आणि चौरस फूट यांची अदलाबदल पाहायची. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणून ५५.७४ चौरस मीटरचे ६०० चौरस फूट होतात. आणि ‘पहिला मजला’ म्हणजे तळमजल्याच्या वरचा, हे सगळ्यांना एकसारखं कळलेलं नसतं, तेव्हा मंजूर नकाशातला फ्लॅट नंबर समोर ठेव.

फाईल बदलून केलेल्या मसुद्यात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ यांची अदलाबदल हा नेहमीचा प्रकार. आधीचा दस्त खरेदीदाराच्या बाजूने लिहिलेला, हा विकणाऱ्याच्या बाजूने, मध्ये दोनचार कलमं उलटायची राहतात. ‘सदर मिळकतीबाबत कोणाचीही हरकत निघाल्यास तिचे निवारण लिहून घेणार यांनी स्वखर्चाने करून द्यावयाचे आहे’ हे वाक्य कानाला अगदी ठीक लागतं. वाचताना ‘देणार’च्या जागी ‘विकणारा’ आणि ‘घेणार’च्या जागी ‘विकत घेणारा’ असं मोठ्याने म्हण, म्हणजे ज्याने पैसे मोजले त्याच्याच गळ्यात निवारण अडकवलंय हे लगेच ऐकू येतं. लिहून देणारा पुरुष आणि क्रियापद स्त्रीलिंगी, एकच माणूस आणि ‘आम्ही सर्वांनी’ असं दिसलं, तर व्याकरण सुधारून पुढे जाऊ नकोस. तो परिच्छेद जुन्या दस्तातून आला आहे याची ती खूण आहे, त्यातलं बाकी काय काय जुनं राहिलंय ते शोध. हा एकच प्रसंग, जिथे तुझं व्याकरण खरोखर उपयोगी पडतं.

आता दस्त बरोबर असूनही चूक शिरते ती जागा. नोंदणीसाठी पक्षकारांची आणि मिळकतीची माहिती संगणकात वेगळी भरावी लागते. सूची क्रमांक दोन आणि दस्ताचा गोषवारा त्या भरलेल्या माहितीतून निघतो, दस्ताच्या मजकुरातून नव्हे. दस्तात ५४ आर आणि भरलेल्या माहितीत ४५ आर, असंही होतं. फेरफाराची प्रक्रिया याच माहितीवरून सुरू होते. तेव्हा मसुदा तपासून झाला की काम संपलं असं समजू नकोस, भरलेल्या माहितीची छापील प्रत मागवून घे आणि तीही सातबाराशी लाव.

नमुन्यातला दस्त ९० आरसकट नोंदला गेला असता तर काय झालं असतं ते पाहू. मुद्रांक शुल्क किंमत आणि बाजारमूल्य यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं, आणि बाजारमूल्य ९० आरचं काढलं जाणार. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार नोंदवून संबंधितांना नोटीस काढणार आणि त्यात विकणाऱ्याकडे १८ आर उरले असं दिसणार. तो हरकत घेणार. मंडळ अधिकारी नोंदलेल्या दस्ताच्या बाहेर फारसे जाऊ शकत नाहीत. मग चूक दुरुस्तीपत्र करायचं, तेही नोंदवायचं, आणि मूळ दस्तावर सह्या करणारे सगळे पुन्हा हजर हवेत. मधल्या काळात एक वारला असेल तर त्याचे वारस, म्हणजे पुन्हा भिवंडी आणि हैदराबाद. दुरुस्तीने क्षेत्र वाढत असेल किंवा गटच बदलत असेल, तर तो नवा व्यवहार ठरून पुन्हा शुल्क मागितलं जाऊ शकतं. आणि ज्याला चुकीने फायदा झालाय तो सही करायला आलाच नाही, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३च्या कलम २६ खाली दिवाणी न्यायालयात दस्त दुरुस्तीचा दावा लावावा लागतो, त्यात दोघांचीही चूक झाली होती किंवा फसवणूक झाली हे सिद्ध करावं लागतं. चूक दस्तात नसून सातबारावरच्या लिखाणात असेल, तर रस्ता वेगळा : महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज. या दोन रस्त्यांची गल्लत पक्षकार नेहमी करतात, त्यांना वकिलांकडेच पाठव.

वाचण्याची पद्धत म्हणशील तर मिळकतीचं वर्णन सगळ्यात आधी वाच. ते दस्तात मधे किंवा शेवटी असतं आणि तिथे पोचेपर्यंत डोळे थकलेले असतात. आकडे दोघांनी मिळून तपासायचे, एकाने सातबारावरून मोठ्याने म्हणायचे, अगदी ‘एक, टिंब, शून्य, आठ’ असे सुटे, आणि दुसऱ्याने मसुद्यावर बोट ठेवायचं. म्हणणाऱ्याने मसुदा बघायचा नाही. मग रिकाम्या जागा शोध : ‘दिनांक’पुढची, वयापुढची, साक्षीदारांच्या पत्त्यातली. छापल्यावर पेनाने भरलेली जागा आणि खाडाखोड नोंदणी अधिनियमाच्या कलम २० प्रमाणे लिहून देणाऱ्यांच्या सहीने प्रमाणित नसेल, तर दुय्यम निबंधक दस्त नाकारू शकतात.

शंकेच्या चिठ्ठीवर ‘चूक’ असा शब्द लिहू नकोस. ‘सातबारावर १.०८.००, मसुद्यात १.८, कोणते धरावे?’ असं लिही. आपल्याला व्यवहार माहीत नसतो, फक्त कागद माहीत असतात, आणि कधी कधी मसुदाच बरोबर निघतो कारण नवा फेरफार मंजूर होऊन सातबारा बदललेला असतो. त्यासाठी फाईलमधल्या उताऱ्याची तारीखही बघत जा.

मार्चअखेरीस या टेबलावर ढीग लागेल. १ एप्रिलला बाजारमूल्याचे नवे दर येतात, म्हणून सगळ्यांना ३१ मार्चच्या आत दस्त हवा असतो आणि तपासणी टाळण्यासाठी तेच कारण पुढे केलं जातं. त्यांना शांतपणे सांग की मुद्रांक भरून दस्तावर सह्या झाल्या की नोंदणी अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे नोंदणीसाठी चार महिने मिळतात. रांगेची घाई करायचं कारण नाही. सह्यांच्या आधीचा एक तास मात्र आपल्याला हवाच, कारण सह्या झाल्यावर आठाच्या मागचं शून्य घालायलासुद्धा सगळ्यांना परत बोलवावं लागतं. चिठ्ठी लागलेला मसुदा वकिलांचं लेखी उत्तर आल्याशिवाय मुद्रांकावर छापायला देऊ नकोस, मागणारा कुणीही असो.